हजारो मेसेजच्या ग्रुपातून कामाचा मेसेज परत सापडावा म्हणून: स्टार, गाठ अन् वही

आमच्या गावच्या शेतकरी गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, लोहा तालुका, नांदेड जिल्हा. दोनशेच्या आसपास माणसं. ग्रुपावर दिवसभर काय चालू असतं ते सांगायची गरज नाही, सकाळी सुविचार, मग सोयाबीनचा भाव, मग कोणाची तरी म्हैस इकायची, मग व्हिडिओ, अन् त्याच्यातच मधी कुठंतरी तलाठ्याकडून आलेली यादी किंवा कृषी सहाय्यकानं टाकलेली तारीख. ती तारीख त्या दिवशी सगळे बघतात, अंगठा देतात, अन् तीन महिन्यांनी जेव्हा खरंच लागते तेव्हा कोणालाच सापडत नाही.

मी गटाचं लिहायचं-वाचायचं काम बघतो म्हणून "ते अमुक परत टाक ना रे" असे फोन मलाच येतात. दोन वर्षांत चुकत-चुकत एक पद्धत बसली आहे, तीच इथं सगळी मांडायलोय. उदाहरण व्हॉट्सॲपचंच घेतलंय कारण आपल्याकडं सगळं तिथंच होतं, मोबाईल अँड्रॉइड धरलाय, आयफोनमधी बटणं थोडी इकडंतिकडं असतात पण काम तेच.

आधी बप्पाच्या फोटोची गोष्ट

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आमच्याकडं पाऊस कसा झाला ते नांदेड-हिंगोली-परभणीच्या माणसाला सांगावं लागत नाही. सोयाबीन पाण्यात उभं होतं. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं, मग आपल्याला एक नंबर मिळतो, त्याला सगळे डॉकेट नंबर म्हणतात. आमच्या गटातल्या बप्पानं कळवलं, नंबर आला, त्यानं त्या स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपात टाकला, खाली एक शब्द पण लिहिला नाही. पुढं त्याचा मोबाईल पाण्यात पडला अन् नवीन घेतला, बॅकअप नव्हता. फेब्रुवारीत त्याला नंबर लागला तेव्हा तो फोटो फक्त आमच्या सगळ्यांच्या ग्रुपात होता.

आम्ही काय केलं, तर अंगठ्यानं वर वर सरकवत बसलो. दोन तास. मधी कोणाचा फोन आला की चॅट परत खाली. सर्चमधी "डॉकेट" टाकलं तर काहीच नाही, कारण फोटोत लिहिलेलं सर्चला दिसत नाही अन् फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. "विमा" टाकलं तर शंभरेक मेसेज आले, त्याच्यात वीमा, vima, इन्शुरन्स असं लिहिणारे तर आलेच नाहीत. शेवटी बप्पाची बायको म्हणली, अहो त्या दिवशी पोळा होता, बैलं सजवायला पण बाहेर काढता आली नाहीत. पोळा म्हणजे २ सप्टेंबर. तारीख टाकून थेट त्या दिवसावर गेलो अन् पाच मिनिटांत फोटो हातात.

त्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे फोटो, व्हॉइस नोट अन् पीडीएफ यांना सर्चसाठी स्वतःचे शब्द नसतात, ते आपण चिकटवावे लागतात. दुसरी, तारीख माहीत असली की अर्धं काम झालं.

पहिली पायरी: दिसलं की स्टार

मेसेजवर बोट दाबून धरायचं, वर पट्टी येते, तिच्यात चांदणीचं चिन्ह असतं, ते दाबायचं. चांदणी दिसली नाही तर त्याच पट्टीतल्या तीन टिंबांत बघा. झालं. हे फक्त तुमच्या मोबाईलवर दिसतं, ज्यानं मेसेज टाकला त्याला पण कळत नाही, त्यामुळं लाजायचं काही कारण नाही, चांदणी सढळ हातानं द्या.

परत बघायचं तर दोन वाटा आहेत. चॅटच्या मुख्य पानावर तीन टिंबं दाबली की Starred असं येतं, तिथं सगळ्या ग्रुपांतले अन् सगळ्या माणसांचे स्टार एकत्र येतात. एकाच ग्रुपाचे पाहिजे असले तर ग्रुपात जाऊन वरच्या नावावर दाबायचं, माहितीचं पान उघडतं, त्याच्यात खाली Starred messages असतं. मी कायम ही दुसरी वाट वापरतो, पहिल्यात सासरवाडीच्या ग्रुपातले लग्नाचे पत्ते पण येतात अन् घोळ होतो. त्या यादीतल्या मेसेजवर दाबलं की चॅटमधी त्या जागेवर जाता येतं, म्हणजे त्याच्या आधी-नंतर कोण काय म्हणलं ते पण दिसतं, अन् बऱ्याच वेळा खरी गोष्ट तिथंच असते, मूळ मेसेजच्या खालच्या दोन ओळींत.

पण स्टारवर थांबलं की सहा महिन्यांत काय होतं ते बघा. माझ्या एका ग्रुपात १४० स्टार झालते. सगळे एकसारखे, कुठला कशासाठी दिला ते आठवेना, फोटोंना तर नाव पण नाही. शंभर मेसेजांचा ढीग शोधणं हे दहा हजारांच्या ढिगापेक्षा बरं, पण ढीग तो ढीगच. म्हणून स्टारला मी फक्त कच्ची नोंद धरतो. रानातून येताना, एसटीत, हॉटेलात चहा पिताना, जिथं दिसलं तिथं स्टार. त्याचं पुढं काय करायचं ते रविवारी.

पिनचा गैरसमज

बऱ्याच जणांना वाटतं महत्त्वाचा मेसेज पिन केला की काम झालं. पिन वेगळ्या कामाची आहे. एका चॅटमधी एका वेळी तीनच मेसेज पिन होतात, अन् मुदत २४ तास, ७ दिवस नाहीतर ३० दिवस, त्याच्या पुढं पिन आपोआप निघते. चौथा पिन केला की आधीच्यांतला जुना जातो. अन् पिन सगळ्या ग्रुपाला दिसते. म्हणजे "शुक्रवारी ग्रामसभा" किंवा "अमुक तारखेपर्यंत केवायसी करा" याच्यासाठी पिन एक नंबर, पण पुढच्या वर्षी लागणाऱ्या कागदासाठी पिनचा काही उपयोग नाही. आमच्या ग्रुपात मी ॲडमिनलाच पिन करता येईल अशी सेटिंग केली, आधी कोणीतरी वाढदिवसाचा फोटो पिन करायचं अन् केवायसीची तारीख खाली पडायची.

दुसरी पायरी: मेसेजला गाठ मारायची

ही या सगळ्या पद्धतीतली मुख्य गोष्ट, म्हणून सावकाश सांगतो.

आपल्या आया काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतात. तसंच मेसेजला एक शब्द बांधायचा. मेसेज उजवीकडं सरकवला की Reply होतं, तसं करून खाली आपला ठरलेला शब्द अन् दोन-चार कामाचे शब्द लिहून पाठवायचं. आता पुढं केव्हाही सर्चमधी तो शब्द टाकला की तुमचा रिप्लाय सापडतो, अन् रिप्लायच्या वर मूळ मेसेजचा जो छोटा तुकडा दिसतो त्याच्यावर दाबलं की व्हॉट्सॲप उडी मारून थेट मूळ मेसेजवर नेतं. फोटो असू द्या, पीडीएफ असू द्या, पाच मिनिटांची व्हॉइस नोट असू द्या. ज्याला शब्द नव्हते त्याला शब्द मिळाले.

शब्द कोणता ठेवायचा याच्यावर आम्ही लै चुका केल्या. सुरुवातीला मी हॅशटॅग लावून #विमा लिहायचो. पण सर्चमधी टाकलं की नुसता विमा लिहिलेले सगळे मेसेज पण यायचे, हॅशचा उपयोग होईना. मग "महत्त्वाचे" लिहून बघितलं, तर तो शब्द कोण महत्वाचे लिहितं, कोण महत्त्वाचे, कोण महत्वाचं, अन् असंही ग्रुपात प्रत्येक फॉरवर्ड महत्त्वाचाच असतो. मग कळलं की शब्द असा पाहिजे जो एरवी कोणीच लिहिणार नाही, अन् जो लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा, अनुस्वाराचा गोंधळ होणार नाही. बँक हाच शब्द बघा ना, बँक, बॅंक, बंक, तीन तऱ्हेनं लिहितात अन् सर्चला ते तीन वेगळे शब्द आहेत. "खूण" घ्यावा वाटलं तर खुण-खूण.

म्हणून जोडशब्द केले, मधी जागा न सोडता. गाठयादी, गाठपैसा, गाठपाऊस, गाठकागद, गाठसभा. पाचच. गाठयादी म्हणजे कुठलीही सरकारी यादी, गाठपैसा म्हणजे जमा-खर्च अन् खात्यावर आलेल्या रकमा, गाठपाऊस म्हणजे नुकसानीचे फोटो-व्हिडिओ अन् पाऊस किती वाजता झाला ते, गाठकागद म्हणजे सातबारा, अर्ज, पावत्या, डॉकेट नंबर, अन् गाठसभा म्हणजे गटात काय ठरलं ते. पाचापेक्षा जास्त केले की कोणता लावायचा याच्यावरच डोकं खपतं, मी नऊ करून बघितले होते, महिनाभरात स्वतःच विसरलो.

जोडशब्दाचा अजून एक फायदा आहे. सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं, म्हणून नुसतं "गाठ" टाकलं की पाचही प्रकारच्या सगळ्या गाठी एका खाली एक येतात, वर्षभराचा कामाचा भाग एका पानावर. मधी एखादा "गाठलं" नाहीतर "गाठ पडली" येतो, तेवढं चालतं. तुमचा शब्द ठरवल्यावर आधी एकदा टाकून, सर्च करून बघा, सापडला तरच पुढं चालू करा.

आता ओळ कशी लिहायची. नुसतं "गाठयादी" लिहून सोडू नका. ओळ अशी पाहिजे की मूळ मेसेज बाजूला नसला तरी कळलं पाहिजे कशाबद्दल आहे. मी असं लिहितो:

गाठयादी, अतिवृष्टी अनुदान, व्हीके नंबरची यादी, आपलं गाव पान ३ वर, १४ ऑक्टोबर २०२५

गाठकागद, बप्पाचा डॉकेट नंबर, सोयाबीन, फोटो २ सप्टेंबर २०२४ चा

गाठसभा, तात्यांची व्हॉइस नोट, २ मिनिट १० सेकंदापासून पुढं भाडं किती ठरलं ते आहे

व्हीके नंबर म्हणजे अनुदानाच्या यादीत नावापुढं असलेला विशिष्ट क्रमांक. तिसरी ओळ नीट बघा. व्हॉइस नोट पाच मिनिटांची असली की नेमकं कुठं आहे ते लिहिणं लै गरजेचं, नाहीतर सापडूनही परत पूर्ण ऐकत बसावं लागतं. अन् वेळ लिहायला ती एकदा ऐकावी लागते, ते टाळायचं नाही.

तारीख ओळीत का लिहायची, ती तर मेसेजवर असतेच, असं आमचा पुतण्या विचारत होता. त्याचं कारण चॅट एक्स्पोर्ट केल्यावर कळतं. ग्रुपात तीन टिंबं, मग More, मग Export chat केलं की अख्ख्या चॅटची एक साधी मजकुराची फाइल निघते, कॉम्प्युटरवर उघडून त्याच्यात शोधता येतं. पण त्या फाइलीत स्टार येत नाहीत, अन् रिप्लाय कोणत्या मेसेजला दिला होता ते पण येत नाही, फक्त आपण लिहिलेला मजकूर येतो. फोटोच्या जागी पण नुसतंच लिहिलेलं असतं की इथं मीडिया होता. फाइलीत ती ओळ अशी दिसते:

```
14/10/25, 8:52 pm - बप्पाचा पुतण्या: <Media omitted>
14/10/25, 9:20 pm - गट सचिव: गाठयादी, अतिवृष्टी अनुदान, व्हीके नंबरची यादी, आपलं गाव पान ३ वर, १४ ऑक्टोबर २०२५
```

म्हणजे स्टार मोबाईलासोबत राहतो, गाठ मात्र मजकूर असल्यामुळं कुठंही सोबत येते. एक्स्पोर्टला पण मर्यादा आहे, मीडियासकट दहा हजार अन् मीडियाशिवाय चाळीस हजार मेसेजपर्यंतच निघतात, मोठ्या ग्रुपाचं सगळं एकदम येणार नाही, म्हणून वर्षातून दोनदा तरी काढून ठेवा.

गाठ कोण मारणार हे आधी ठरवा. आमच्यात मी अन् महिला गटाच्या काकू, दोघंच. सगळ्यांना सांगितलं तर हौसेनं सुविचाराला पण गाठ मारतात. अन् पाच शब्द ग्रुपाच्या डिस्क्रिप्शनमधी लिहून ठेवा, तिथं २०४८ अक्षरं बसतात अन् ते पिनसारखं महिन्यानं निघून जात नाही. कोणी विचारलं की "नावावर दाब, वर शब्द आहेत, सर्चमधी टाक". पहिल्या दोन महिन्यांत लोक तरी मलाच फोन करायचे, आता निम्मे स्वतः शोधतात.

दोघांच्या खाजगी चॅटमधी हे करायचं असलं, समजा तुमचं अन् औषधाच्या दुकानदाराचं, तर तिथं गाठ मारल्याचा मेसेज त्याला पण जातो हे लक्षात ठेवा. तिथं मी स्टार अन् वही दोनच वापरतो.

तिसरी पायरी: वही

कागदाची वही म्हणा, नाहीतर मोबाईलातलं नोट्सचं ॲप, मी दोन्ही वापरून शेवटी कागदाच्या वहीवर आलो कारण ती बप्पाला पण वाचता येते. याच्यात अख्खा मेसेज उतरवायचा नाही. एका मेसेजला एक ओळ: तारीख, साधारण वेळ, कोणी टाकला, मेसेजचे पहिले तीन शब्द जसेच्या तसे, अन् तो कशाचा.

पहिले तीन शब्द जसेच्या तसे म्हणजे त्यानं चूक लिहिलं असलं तर चूकच उतरवायचं. कृषी सहाय्यकानं "सर्व शेतकरी बाधवांना" लिहिलंय, टिंब राहिलंय, तर वहीत पण "बाधवांना". तुम्ही नीट करून बांधवांना लिहिलं की सर्चमधी तो मेसेज येणार नाही. हे मी स्वतः चुकलोय.

वही का लागते? व्हॉट्सॲपात एखाद्या मेसेजची अशी लिंक काढून ठेवता येत नाही की दाबलं अन् तिथं गेलं. म्हणून आपली लिंक म्हणजे तारीख अन् ते तीन शब्द. तारीख असली की ग्रुपात तीन टिंबं, Search, वर कॅलेंडरचं छोटं चिन्ह येतं, त्याच्यात दिवस निवडला की थेट त्या दिवसावर.

काही जण वहीच्या ऐवजी मेसेज स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवतात, स्वतःच्या नंबरवर चॅट करता येते ती सोय चांगलीच आहे. पण फॉरवर्ड केल्यावर मूळ कोणी टाकला अन् कोणत्या तारखेला टाकला हे दोन्ही जातं, फक्त Forwarded असं राहतं. पावसाच्या फोटोला तारीखच नसली तर पंचनाम्याच्या वेळी त्याचा काय उपयोग. फॉरवर्ड करायचं तर करा पण लगेच खाली एक ओळ लिहा: कोण, कधी. स्क्रीनशॉट काढत असाल तर थोडं वर सरकवून ती तारखेची छोटी पट्टी अन् टाकणाऱ्याचं नाव फ्रेममधी घ्या, नुसती वेळ असून भागत नाही, ८:५२ तर रोजच वाजतात.

रविवारचा अर्धा तास

रविवारी जेवण झाल्यावर मी ग्रुपाच्या स्टारच्या यादीत जातो. वरून खाली एकेक. ज्याचं काम संपलं, म्हणजे परवाच्या बाजारभावाचा वगैरे, त्याचा स्टार काढतो. ज्यात नंबर आहे, तारीख आहे, रक्कम आहे, कागद आहे किंवा सगळ्यांनी मिळून ठरवलेलं काही आहे, त्याला गाठ अन् वहीत ओळ. गाठ मारली, ओळ झाली की स्टार काढून टाकतो, म्हणजे यादी परत रिकामी. यादी रिकामी झाली हीच खूण की काम पूर्ण झालं. आठवड्याला आमच्या ग्रुपात पाच-सहाच्या वर गाठी होत नाहीत. वीस व्हायला लागल्या तर समजा तुम्ही मोह आवरत नाही आहात.

एका बाबतीत रविवारची वाट बघायची नाही. टाकणारा माणूस आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, त्याला दोन दिवसांपेक्षा थोडा जास्त वेळ असतो, अन् ग्रुपाचा ॲडमिन तर कोणाचाही काढू शकतो. डिलीट झालेला मेसेज स्टारच्या यादीतून पण जातो, चांदणी त्याला धरून ठेवत नाही. म्हणून पैशाचा व्यवहार, भाड्याचं ठरलेलं, असलं काही दिसलं की त्याच वेळी मजकूर कॉपी करून नोंदवा. फोटो अन् पीडीएफ तर दिसल्या दिसल्या डाउनलोड करा. नुसता धुरकट चौकोन स्टार करून ठेवला अन् चार महिन्यांनी दाबला तर बऱ्याच वेळा डाउनलोड होत नाही, टाकणाऱ्याला परत पाठव म्हणावं लागतं.

ज्या ग्रुपात मेसेज आपोआप गायब व्हायची सेटिंग आहे, २४ तास, ७ दिवस नाहीतर ९० दिवस, तिथं नुसत्या चांदणीवर भरवसा ठेवू नका. तिथं मेसेज दाबून धरला की Keep असं येतं, ते केल्यावरच तो राहतो, अन् ते सगळ्यांना दिसतं, ज्यानं टाकला त्याला नको असलं तर तो रद्द पण करू शकतो. गटाच्या कामाच्या ग्रुपात ही सेटिंग मी बंदच ठेवायला सांगतो.

मागच्या तीन वर्षांचं काय करायचं

नव्यानं सुरू करणाऱ्याला हाच प्रश्न पडतो. सगळं वर सरकवत वाचायच्या फंदात पडू नका, कोणी पूर्ण करत नाही. उलटं करा. एक कागद घ्या, अन् घरातल्यांना बसवून विचारा की या तीन वर्षांत ग्रुपातून कामाचं काय काय आलतं अन् ते कशाच्या आसपास. आपल्या माणसांना तारखा आठवत नाहीत पण सण अन् कामं आठवतात. "पोळ्याच्या दिवशी", "येळवसाच्या आधी दोन दिवस", "हरभरा काढणीला आलता तेव्हा", "दिवाळीच्या किराण्याच्या वेळी". मग जुनं कॅलेंडर काढून त्याला तारीख लावा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, २०२४ ची ३० डिसेंबरला होती, त्याच्या दोन दिवस आधी म्हणजे २८. कॅलेंडरच्या चिन्हावरून तो दिवस उघडा, दोन दिवस मागं-पुढं बघा, सापडलं की त्याच जागी गाठ. जुन्या मेसेजला आज रिप्लाय दिला तरी चालतो, उडी तिथंच मारते.

आमचं असं झालं. काकूंना आठवत होतं की बी-बियाणाच्या पैशाचा हिशेब येळवसाच्या आधी टाकला होता, रानात न्यायच्या आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ काढत होत्या तेव्हा मोबाईल वाजला होता. २८ डिसेंबर उघडला, नव्हता. २७ ला संध्याकाळी सापडला, हातानं लिहिलेल्या हिशेबाचा फोटो, खाली काही नाही. रिप्लाय: गाठपैसा, बियाणाचा हिशेब, हातचा कागद, येणे बाकी खाली डावीकडं, २७ डिसेंबर २०२४. पूर्ण जुन्या काळातून अशा २३ गाठी झाल्या, दोन संध्याकाळी. तेवढ्यातच जवळपास सगळं आलं.

सण पण आठवत नसला तर ग्रुपाच्या माहितीच्या पानावर मीडिया, लिंक अन् डॉक्सचा भाग आहे, त्याच्यात डॉक्स महिन्यानुसार लावलेले असतात. सरकारी याद्या जवळपास सगळ्या पीडीएफच असतात. फाइलींची नावं मात्र final किंवा scan001 असलीच, पीडीएफच्या आत काय लिहिलंय ते सर्चला दिसत नाही, म्हणून उघडून बघावं लागतं. फोटोच्या बाबतीत मोठा करून तीन टिंबं दाबली की Show in chat येतं, त्यानं चॅटमधल्या जागेवर जाता येतं, तिथं गाठ मारायची.

मागच्या ऑक्टोबरात कसं झालं

२०२५ च्या सप्टेंबरात परत पाण्यानं रानं धुतली. ऑक्टोबरात अनुदानाची यादी आली, १४ तारखेला रात्री ८:५२ ला, नाव final चं काहीतरी, ४१ पानं. मी रानातून येऊन पायऱ्यावर बसून डाउनलोड केली, आपलं गाव पान ३ वर दिसलं, ९:२० ला गाठ मारली, ती ओळ वर दिलीच आहे. "केवायसी करून घ्या" हा वेगळा मेसेज ७ दिवसांसाठी पिन केला. खाली दिवाळीच्या शुभेच्छा सुरू झाल्या, चार दिवसांत सहाशेच्या वर मेसेज.

२२ ला एक वहिनी आल्या, त्यांचे मालक पुण्याला कामाला, यादीत नाव आहे का अन् व्हीके नंबर काय ते पाहिजे होतं, सेवा केंद्रावर लाइन लागलेली अन् केंद्रवाला नंबराशिवाय बसू देईना. त्यांच्याच मोबाईलवर ग्रुपात सर्च उघडून "गाठयादी" टाकलं, तीन ओळी आल्या, सगळ्यात वरची घेतली, तुकड्यावर दाबलं, यादी उघडली, पान ३, खालून सहावं नाव. नंबर त्यांनी हातावर लिहून घेतला.

त्याच दिवशी अजून एक जण आला, त्याच्या मोबाईलवर हेच केलं तर गाठीची ओळ दिसली पण दाबल्यावर उडी मारेना. तो ग्रुपात १६ ऑक्टोबरला आलता, यादी १४ ची, त्याच्या मोबाईलमधी मूळ मेसेज नव्हताच. चॅट क्लिअर केलेल्याचं पण असंच होतं. त्याला मी माझ्या मोबाईलवरून यादी परत पाठवली. तेव्हापासून ग्रुपात नवीन माणूस घेतला की चालू असलेल्या गाठींचे दोन-तीन मूळ मेसेज त्याला वेगळे पाठवून देतो, अन् वहीत त्याच्या नावापुढं तारीख लिहितो, म्हणजे कुठल्या तारखेच्या आधीचं त्याच्याकडं नसणार ते लक्षात राहतं.